मावशीचा तास

मावशीने तीस वर्षांत एकाही माणसाला खरी वेळ सांगितली नव्हती, आणि तिचा एकही कार्यक्रम कधी उशिरा सुरू झाला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं तिचं ठाम मत होतं. समारंभ उभे करून देणं हा तिचा धंदा. स्टेजवाला, लाइटवाला, खुर्च्यावाला, सगळ्यांना ती प्रत्येकी वेगळी मेल पाठवायची आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे आधीची वेळ द्यायची. सज्जनाला अर्धा तास, सरासरी माणसाला तास, आणि निव्वळ थापाड्याला दोन तास. कुणाला किती हे फक्त तिच्या डोक्यात.

धंद्यातले लोकही काही दुधखुळे नव्हते. मावशीने दोन म्हटलं की तीन समजायचं, हे त्यांना पाठ झालं होतं. त्याला ते आपसांत ‘मावशीचा तास’ म्हणायचे, आणि तो हिशेबात धरून तासभर उशिरा येण्याला ‘वजा करणं’. मावशी खोटं बोलायची, ते उशिरा यायचे, आणि दोघांची बेरीज बरोबर यायची. उघड कुणीच काही बोलत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या तासाचा खरा मार बसला होता तो भाचीला. तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तेव्हापासून मावशीनेच तिला वाढवलं. घरातही मावशीचं घड्याळ तेच. सहल सातला निघणार असेल तर “सहाला तयार राहा.” डॉक्टर पाचला असतील तर “चारला निघायचंय हं.” भाची बिचारी आज्ञाधारक. अर्धं बालपण तिने बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन, दाराजवळच्या स्टुलावर बसून काढलं. दर वेळी तिला वाटायचं, आज आपल्यालाच कुणी विसरून गेलं. मावशी कधीच विसरली नाही, हे खरं. पण तो तास भाचीने एकटीने काढला होता, हेही खरंच होतं.

आता भाची एकतीस वर्षांची होती आणि आठ वर्षं मावशीच्याच ऑफिसात राबत होती. तरी धंद्यात तिला कुणी नावाने ओळखत नव्हतं. ती ‘मावशींची भाची’. एखादी गोष्ट तिने सांगितली की लोक मान डोलवायचे आणि मागून मावशीला फोन करून विचारायचे.

मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तिला सहा आठवडे घरी बसवलं. नेमका तेव्हाच एका मोठ्या इस्पितळाचा कार्यक्रम हातात होता. निवृत्त होणाऱ्या नर्सचा सत्कार आणि जेवण. मावशीने पाय स्टुलावर ठेवून भाचीला समोर बसवलं.

“हा तू एकटीने पार पाड,” ती म्हणाली. “नीट झाला तर ऑफिसची किल्ली तुझी. मी परत विचारायलासुद्धा येणार नाही.”

“आणि नाही झाला तर?”

“तर दुकान बंद. तो पलीकडचा मंडपवाला घ्यायला टपूनच बसलाय. माणसं, सामान, नाव, सगळं घेतो म्हणतो. तुलाही नोकरीवर ठेवील.”

भाचीने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. तेवढं ती मावशीकडूनच शिकली होती.

दुसऱ्या दिवशी ती सभागृह बघायला गेली आणि तिथेच तिला कळलं की मावशीचा तास इथे चालणार नाही. पूर्वीची सभागृहं आदल्या संध्याकाळपासून ताब्यात मिळायची. कुणी कधीही या, कुठेही टेकवा. इथे शुक्रवारी दुपारपर्यंत दुसऱ्याच कुणाची परिषद होती. हॉल दोनला हातात मिळणार आणि सातला पाहुणे दारात. सामान चढवायला मागच्या गल्लीत एकच उतार, आणि त्यावर एका वेळी एकच गाडी. त्यात गल्लीत समोर शाळा. शाळा सुटते तेव्हा साडेतीन ते सव्वाचार गल्लीच्या दोन्ही तोंडांना साखळी लागते आणि आत मोठी गाडी येऊही शकत नाही, हलूही शकत नाही.

“साखळी म्हणजे साखळी,” सभागृहाच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या. “खुद्द मंत्री आले तरी मी मुलांमधून ट्रक सोडत नाही. आणि आतला कॉरिडॉर मोकळा हवा. एक खुर्चीसुद्धा तिथे दिसली तर मी काम थांबवीन.”

भाचीला त्या बाई एकदम आवडल्या.

रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून तिने डोक्यात सगळं मांडून बघितलं. आधी स्टेज. मग लाइट, कारण लाइटवाले काका चाकाच्या उंच परांचीवर चढून दिवे टांगतात आणि ती परांची फिरवायला जमीन सगळी मोकळी लागते. मग साउंड, कारण स्पीकर लावून आवाज तपासायला शांतता हवी, आणि टेबलं ओढली जात असताना शांतता कुठली? तिघं साखळी लागायच्या आत उतरले पाहिजेत. साखळी सुटली की टेबलं-खुर्च्या, त्यावर कापड, मग फुलं, शेवटी जेवण. आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. इथे कुणी तासभर उशिरा आला तर साखळीत अडकणार, आणि कुणी तासभर लवकर आला तर पुढच्याच्या मानगुटीवर बसणार. म्हणजे या गाडीला खरीच वेळ लागत होती.

ऑफिसात येऊन तिने मेल लिहायला घेतली. दोनदा खोडली. तिसऱ्यांदा मात्र दात-ओठ आवळून बसली ती उठलीच नाही. सगळ्यांना मिळून एकच मेल, सगळ्यांचे पत्ते उघड. वर विषय: ‘शुक्रवारचा कार्यक्रम – सामान आणण्याच्या व मांडणीच्या पक्क्या वेळा – उत्तर हवे’. खाली प्रत्येकाची ओळ. उतारावर गाडी किती वाजता लागेल, उतार किती वाजता सोडायचा, मांडणी किती वाजता पुरी व्हायला हवी, आपल्या आधी कोण, आपल्या मागे कोण, आणि त्यांचे फोन नंबर. स्टेज दोन. लाइट अडीच. साउंड तीन दहा. टेबल-खुर्च्या सव्वाचार. फुलं पाच. जेवण साडेपाच. साखळीची गोष्ट ठळक अक्षरांत.

आणि शेवटी तिने लिहिलं:

‘या वेळा खऱ्या आहेत. यात मावशीचा तास धरलेला नाही. कृपया कुणी वजा करू नये. लवकरही येऊ नये, उशिराही येऊ नये. अडचण असेल तर आज सांगा, मी वेळ बदलून देईन आणि सगळ्यांना कळवीन. या मेलमधली वेळ बदलली तर ती फक्त माझ्याच मेलने बदलेल. उत्तरात ‘ओके’ लिहू नका. तुमची गाडी गोदामातून किती वाजता निघेल ते लिहा आणि गाडीचा नंबर द्या.’

पाठवण्याआधी तिने क्षणभर डोळे मिटले. मग पाठवली.

धंद्यात हलकल्लोळ माजला. जी गोष्ट तीस वर्षं चहाच्या टपरीवर कुजबुजली जायची ती आता पांढऱ्यावर काळ्यात, सगळ्यांदेखत, आणि वर मावशीलाही प्रत! स्टेजवाल्याचं उत्तर आलं, ‘ओके’. भाचीने फोन केला.

“ओके म्हणजे किती वाजता निघणार?”

“अगं निघू की वेळेत.”

“वेळेत म्हणजे?”

“तू पोलिसात होतीस का गं आधी?” तो हसला. पण गाडी एकला निघेल असं त्याने लिहून दिलं. लाइटवाल्या काकांनी विचारलं, “खरंच वजा नाही करायचं? मग मला जेवायला कधी मिळणार?” साउंडवाली पोरगी नव्या दमाची, बोलायला तुसडी. तिने एका ओळीत वेळ, गाडीचा नंबर आणि खाली ‘अखेर!’ एवढंच लिहिलं. फुलवाल्या बाई नेहमीच वेळेवर यायच्या आणि नेहमीच तासभर ताटकळायच्या. त्यांनी लिहिलं, ‘देव तुझं भलं करो.’

राहिला तो खुर्च्यावाला. त्याला धंद्यात सगळे ‘येतोच’ म्हणायचे, कारण फोन केला की तो “येतोच” म्हणायचा, आणि तेव्हा बहुतेक आंघोळीला निघालेला असायचा. मावशीकडे दोन तासांच्या खात्यात तो एकटाच होता. पुढे वय झाल्यावर मावशीने त्याला दयेने एका तासावर आणलं होतं. त्याचं उत्तर रात्रीपर्यंत आलं नाही. सकाळी तोच ऑफिसात हजर. दारात उभा राहून म्हणाला, “ती मेल बायकोने वाचून दाखवली. म्हणाली, बघा, सगळ्यांना कळणार तुम्ही उशिरा आलात तर कुणाकुणाचं काम अडणार. तिच्यासमोर मान खाली गेली माझी.” त्याने घसा साफ केला. “मी येणार. सांगितलेल्या वेळेला. तू बघच.”

भाचीला त्याचा चेहरा बघून भरून आलं. साठीचा माणूस शपथ घेतल्यासारखा उभा होता.

घरी मात्र वेगळाच रंग होता. मावशीने जेवणाचं ताट बाजूला सारून ठेवलं होतं.

“चारचौघांत माझी लाज काढलीस.”

“मावशी, मी फक्त…”

“मावशीचा तास! मला माहीत नव्हतं का लोक काय म्हणतात ते? पण तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. तू लिहून दिलंस.” तिचा आवाज चिरका झाला. “माणसं मेलने नाही वेळेवर येत गं. माणसं मला माहितीयेत. त्या येतोचला सव्वाचार सांगितलंस ना? तो सव्वापाचला येईल, आणि तेव्हा कळेल तुला खरी वेळ काय चीज असते.”

“नाही येणार उशिरा. त्याने मला शब्द दिलाय.”

“शब्द!” मावशी म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

दोघींचा तीन दिवस अबोला चालला. भाची पाणी द्यायची, औषध द्यायची, पायाखालची उशी सारखी करायची. पण मेल परत घेतली नाही आणि माफीही मागितली नाही. मावशीबद्दल वाईट वाटत होतं, तरीही मेलमधला एक शब्दसुद्धा खोटा नव्हता.

शुक्रवारी दोनला दहा कमी असताना स्टेजवाल्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी दिसली, तेव्हा भाचीला ती एखाद्या नातेवाइकासारखी वाटली. अडीचला लाइटवाले काका आले, हातात अर्धी खाल्लेली पोळी. तीन वाजता स्टेज उभं होतं, काकांची माणसं परांचीवर होती, आणि भाची हॉलच्या मध्यभागी मान वर करून दिवे कुठे टांगायचे ते सांगत होती. सगळं कसं घड्याळाच्या काट्यावर. तिला जरा हसूसुद्धा आलं.

तेवढ्यात फोन वाजला. साउंडवाली.

“मी गल्लीत आहे. तीन दहा झालेत. उतारावर माझ्याआधी कुणाचा ट्रक लागलाय?”

भाची धावत मागच्या दाराशी गेली. उतारावर येतोचचा ट्रक. मागचा फाळका पाडलेला, साठ-सत्तर खुर्च्या उतारभर मांडलेल्या, आणि मध्ये येतोच, शर्टाच्या बाह्या दुमडून, घामाने चिंब, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू पोराचा पहिला नंबर आलाय.

“बघ!” तो ओरडला. “वीस मिनिटं आधी आलो! आयुष्यात पहिल्यांदा!”

“तुमची वेळ सव्वाचार होती,” भाची म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“होती. काल रात्री बदलली ना. मावशींचा फोन आला, सव्वातीनला ये म्हणाल्या.” त्याने खिशातून फोन काढला. “मी म्हटलं, आता वेळा खऱ्या सांगतात सगळे. मेलमध्येच लिहिलंय की कुणी वजा करू नये. मग मी नाही केलं वजा. गेटवरचा सोडत नव्हता, त्यालाही सांगितलं, मावशींनी बोलावलंय. मग सोडलं त्याने, मावशींना काय आजचा ओळखतो तो.”

भाचीला सगळं एका क्षणात कळलं. मावशीला धीर निघाला नव्हता. तिने तिच्या हिशेबाने सव्वाचारच्या तासभर आधीची वेळ सांगितली, म्हणजे येतोच नेहमीप्रमाणे वजा करून बरोबर येईल. आणि येतोचने तीस वर्षांत पहिल्यांदा विश्वास ठेवला होता. विश्वास भाचीने शिकवला आणि पोचला तो मावशीच्या तासावर.

तीन वाजून बारा मिनिटं. साडेतीनला साखळी. वर परांची फिरत असताना खुर्च्या हॉलमध्ये आणता येत नव्हत्या, आणि कॉरिडॉरमध्ये ठेवल्या तर व्यवस्थापक बाई काम बंद करणार. म्हणजे खुर्च्या परत ट्रकमध्ये गेल्या पाहिजेत, ट्रक पुढच्या तोंडाने बाहेर पडला पाहिजे आणि साउंडची गाडी साखळी लागायच्या आत उताराला लागली पाहिजे. नाहीतर साउंड सव्वाचारला, खुर्च्या त्याच्या मागे, फुलं त्याच्या मागे, आणि सातला दारात नर्सबाई उभ्या, हॉलमध्ये बिन कापडाची टेबलं. आणि मग किल्ली मंडपवाल्याच्या खिशात.

“परत भरायच्या?” येतोचचा चेहरा उतरला. “मी वेळेवर आलो आणि मलाच परत पाठवतेस? मग खोटं कोण बोललं ते सांग. तू की मावशी?”

साउंडवाली गाडीतून उतरून आली होती. स्टेजवाल्याची माणसं दारात येऊन थांबली होती. काका परांचीवरून खाली बघत होते. सगळ्यांनी ती मेल वाचली होती. सगळ्यांना उत्तर हवं होतं.

भाचीच्या ओठांवर दोन वाक्यं आली. एक, ‘मीच बदलली होती, माझी चूक.’ ते म्हटलं की मावशी वाचणार, पण मेल खोटी पडणार आणि उद्यापासून पुन्हा सगळे वजा करणार. दुसरं, ‘मावशी खोटं बोलली.’ ते खरं होतं, पण ज्या बाईने तिला सहा वर्षांची उचलून घरी आणलं होतं तिच्याबद्दल असं उतारावर उभं राहून म्हणायला तिची जीभ वळेना. तिने दोन्ही वाक्यं गिळली आणि मावशीला फोन लावला.

“मावशी, येतोच तू सांगितलेल्या सव्वातीनच्या वेळेला आलाय. वजा न करता.”

पलीकडे काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग, “अगं बाई.”

“उतार अडलाय. अठरा मिनिटं आहेत. त्याला माझ्याकडून नकोय, तुझ्याकडून हवंय. तुझं काय ते तूच सांग. मी नाही सांगणार.” आणि मग तिचा आवाज जरा हलला. “मी तुझ्या बाजूने खोटं बोलणार नाही मावशी, आणि तुझ्याविरुद्ध काही बोलणारही नाही. आता तूच काय ते कर.”

तिने फोन येतोचच्या हातात दिला. त्याने घाबरून स्पीकरच चालू केला. मावशीचा आवाज उतारभर पसरला, आधी अडखळत, मग तिच्या नेहमीच्या दणक्यात.

“येतोच, नीट ऐक. मेलमध्ये लिहिलंय ती वेळ खरी. मी सांगितली ती खोटी. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही आणि तू वेळेवर आलास, तर चूक माझी. तिची नाही. यापुढे ती सांगेल ती वेळ. मी फोन केला तर उचलूसुद्धा नकोस. आता त्या खुर्च्या भर आणि मला शिव्या घालायच्या त्या भरता भरता घाल.”

काकांनी परांचीवरून हळूच “बाप रे” म्हटलं.

मग भाचीने साडीचा पदर खोचावा तसा ओढणीचा घट्ट फेर बांधला आणि पहिल्या चार खुर्च्या उचलल्या. “काय बघताय? लागा!” स्टेजवाल्याची माणसं रांगेत उभी राहिली. साउंडवाली नाक मुरडत आली आणि एकावेळी सहा उचलू लागली. गेटवरचा माणूस फाळक्यावर चढून वरून झेलू लागला. त्याला आपलीही चूक कळली असावी. येतोच काही बोलत नव्हता. पण त्याच्या खुर्च्या त्याच्याइतक्या भराभर कुणालाच रचता येत नव्हत्या, आणि पाच-सहा मिनिटांत ते त्यालाही आठवलं. तो ओरडू लागला, “अशी नाही, उलटी! पाय आत! अरे, पाय आत!”

तीन सव्वीसला फाळका वर चढला. ट्रक गल्लीच्या पुढच्या तोंडाने बाहेर पडला. साउंडची गाडी उताराला टेकली आणि मागे साखळीचा आवाज आला. व्यवस्थापक बाई साखळी धरून उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, भाचीकडे बघितलं, आणि साखळी अडकवली.

मग मुलं सुटली. गल्लीभर दप्तरं, किलकिलाट. आत साउंडवालीचे “चेक, चेक” सुरू झाले. भाची मागच्या दारात उभी होती. येतोच गेला होता तो कुठे गेला होता कोण जाणे. दुखावलेला माणूस कुठेही जाऊ शकतो. घरी जाऊन पंखा लावून झोपूसुद्धा शकतो, आणि फोन केला तर “येतोच” म्हणू शकतो. तिचा हात दोनदा फोनकडे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. शब्द दिलाय म्हटल्यावर विचारायचं नाही, असं तिने ठरवलं. पण मनातून ती पुरती हादरली होती, हे इथे सांगून टाकायला हवं.

सव्वाचारला बाईंनी साखळी काढली. गल्लीत कुणी नव्हतं. भाचीने एक श्वास घेतला. दुसरा घ्यायच्या आत कोपऱ्यावरून ट्रकचं तोंड वळलं. येतोच पाऊणतास पुढच्याच चौकात इंजिन बंद करून बसून होता.

“सव्वाचार,” तो खिडकीतून म्हणाला. रागावलेलाच होता. “लिहून घे.”

“लिहिलेलंच आहे,” भाची हसून म्हणाली, आणि तोही हसला.

पाचला फुलं आली, साडेपाचला जेवण. सातला सहा मिनिटं कमी असताना शेवटच्या टेबलावरची सुरकुती काढून भाची दाराशी जाऊन उभी राहिली. ठीक सातला रिक्षा थांबली आणि तीतून काठी टेकत मावशी उतरली, नव्या साडीत. तिला डॉक्टरांची परवानगी नव्हती, पण मावशीने परवानगी विचारली असेल असं कुणालाही वाटलं नाही.

“मेलमध्ये सात लिहिलं होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, बघावं खरंच किती वाजता सुरू होतंय ते.”

तिने हॉलभर नजर फिरवली. दिवे, स्टेज, दोनशे खुर्च्या सरळ रेषेत. कुणाला तरी काहीतरी सुनवायची तिची ती नजर भाचीला ओळखीची होती. पण मावशी काठी टेकत पुढे गेली. ती येतोचजवळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पाठीवर काठीने हलकेच टोचलं, तेवढंच.

निघताना म्हणाली, “उद्या दहाला ऑफिसवर ये. किल्ली देते.”

“दहा म्हणजे?” भाचीने विचारलं.

“दहा म्हणजे दहा.”

दुसऱ्या दिवशी भाची दहाला दोन मिनिटं कमी असताना पोचली. ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेर एक लाकडी बाक. बाकावर मावशी बसली होती. बाहेर जायचे बूट घातलेले, पिशवी मांडीवर, काठी बाजूला. सकाळचं ऊन तिच्या पायांवरून सरकून भिंतीवर गेलं होतं.

“किती वेळची बसलीयेस?” भाचीने विचारलं.

“तासभर झाला असेल.”

“दहा सांगितलं होतंस ना?”

“तुला दहा सांगितलं होतं. मला नाही.” मावशी समोर बघत म्हणाली. “लई लांब असतो गं हा तास. बसून बघितल्याशिवाय कळत नाही.”

भाचीने बाकावरची काठी बाजूला सारली. ती तिच्या शेजारी टेकली. तिने विचारलं, “किल्ली तुझ्याकडेच होती ना? मग आत जाऊन बसायचंस. पाय दुखला असेल.”

मावशीने पिशवीतून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“तुझ्या ऑफिसचं दार मी कशी उघडू?” ती म्हणाली.